फोकस मागे पडणाऱ्या लेन्सची तक्रार: दुकानदाराला पत्र कसं लिहावं

*नमस्कार सर,*
*सात महिन्यांपूर्वी ८५ मिमी एफ १.८ ची नवी लेन्स घेतली. फुल फ्रेम डीएसएलआरवर वापरतो. डोळ्यावर फोकस लावला तरी डोळा मऊ येतो आणि कान मात्र लख्ख. दुकानात दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा म्हणाले, तुमचा हात हलतो. दुसऱ्यांदा म्हणाले, कॅमेऱ्यातच सेटिंग करून घ्या. वॉरंटी एक वर्षाची आहे. शेवटी मी एक कडक पत्र लिहिलंय, सोबत जोडतोय. 'तुम्ही सदोष माल माझ्या गळ्यात मारला आहे, ताबडतोब दुरुस्त करून द्या, नाहीतर परिणामांना तयार राहा,' असा सूर आहे. पाठवू का?*
*– एक वाचक*

नमस्कार,

हे पत्र पाठवू नका. राग रास्त आहे, तुमच्या जागी मीही चिडलो असतो. पण तुमच्या दीड पानात दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या उपयोगाचं एकही वाक्य मला सापडलं नाही.

मी बरीच वर्षं लेन्स दुरुस्तीच्या टेबलावर काढली आहेत, म्हणून त्या पत्राचं पुढे काय होतं ते सांगतो. दुकानाचा व्यवस्थापक ते वाचतो आणि लेन्स सर्व्हिस सेंटरला पाठवतो. तुमचं पत्र बहुतेक वेळा दुकानातच राहतं. लेन्सबरोबर जातं ते एक जॉब कार्ड, आणि त्यावर काउंटरवरच्या मुलाने लिहिलेली एक ओळ: 'फोटो ब्लर येतात'. टेबलावरचा कारागीर ती ओळ वाचून लेन्स आपल्याकडच्या बॉडीला लावतो, दोन-चार फोटो काढतो, ते त्याला ठीक वाटतात आणि तो लिहितो: 'दोष आढळला नाही'. तीन आठवड्यांनी लेन्स होती तशी तुमच्या हातात परत येते. अशा चिठ्ठ्या मीही लिहिल्या आहेत, आणि त्यातल्या काही लेन्स नक्कीच खराब असणार. फक्त नेमकं काय शोधायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून पत्रात अशा दोन ओळी हव्यात की त्या काउंटरवरच्या माणसाला जशाच्या तशा जॉब कार्डावर उतरवता येतील. त्या लिहायच्या तर आधी मोजमाप करायला हवं. एक दुपार मोडेल, पण ती वाया जाणार नाही.

दोष कुठे असू शकतो ते आधी समजून घ्या. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघून फोकस लावता तेव्हा ज्या सेन्सरवर फोटो उमटतो तो फोकस मोजतच नाही. लेन्समधून आलेल्या उजेडाचा काही भाग मुख्य आरशातून पार होतो, मागच्या छोट्या आरशावर आपटून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या वेगळ्या फोकस सेन्सरवर पडतो. फोकस किती चुकलाय ते तो सेन्सर सांगतो आणि लेन्सची मोटर काच तेवढी सरकवते. या हिशेबात लेन्सचाही वाटा असतो. तिच्या चिपमध्ये कारखान्यात भरलेले दुरुस्तीचे आकडे असतात आणि कॅमेरा ते वाचून हिशेब पुरा करतो. खालच्या सेन्सरपर्यंतची वाट आणि फोटोच्या सेन्सरपर्यंतची वाट यांत केसभर फरक पडला, किंवा लेन्समधले आकडे तिच्या काचांशी जुळले नाहीत, तर कॅमेरा 'लागला' म्हणून बीप देतो आणि फोकस निशाण्याच्या मागे पडलेला असतो. यालाच बॅक फोकस म्हणतात.

लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताना, आरसा वर जातो आणि फोकस थेट फोटोच्या सेन्सरवर मोजला जातो. मधली दुसरी वाट उरत नाही, म्हणून चूकही उरत नाही. तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे. तीच लेन्स, तोच कॅमेरा, तोच निशाणा. लाइव्ह व्ह्यूत फोटो लख्ख आणि व्ह्यूफाइंडरमधून मागे पडलेला. असं आलं की काचा ठीक आहेत, बिघाड ऑटोफोकसच्या जुळणीत आहे, हे सिद्ध झालं. दोन्हीकडे सारखाच मऊ फोटो आला तर मात्र तक्रार वेगळी आहे. तेव्हा बॅक फोकस हा शब्दसुद्धा पत्रात घालू नका.

एरवीही तो शब्द एकटा वापरू नका. काउंटरवरच्या अनेकांना तो ऐकून कॅमेऱ्याच्या पाठीवरचं फोकसचं बटण आठवतं आणि ते तुम्हाला बटणाचं सेटिंग शिकवायला बसतात. 'फोकस निशाण्याच्या मागे पडतो' असं सरळ लिहा.

आता 'तुमचा हात हलतो' या उत्तराकडे येतो. हात हलला तर अख्खी फ्रेम पुसट होते, कान लख्ख येत नाही, त्यामुळे ते उत्तर चूकच आहे. पण त्यांनी विचारायला हवा होता असा एक प्रश्न राहिला: मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस लॉक करून मग तुम्ही फ्रेम हलवता का? कॅमेरा वळवला की फोकसचं प्रतलही वळतं आणि डोळा त्याच्या अलीकडे राहतो. म्हणजे या सवयीतूनही फोकस मागेच पडतो. किती, ते काढता येतं. कॅमेरा उभा धरून डोळा फ्रेमच्या मध्यापासून ९ मिमी वर आणलात, तर ८५ मिमीच्या लेन्सला कॅमेरा सुमारे ६ अंश वळवावा लागतो. दोन मीटरवर त्याने पडणारी चूक जेमतेम १ सेंटीमीटर. डोळ्यापासून कानापर्यंतचं अंतर त्याच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे तुमचा कान लख्ख येण्याचं कारण ही सवय असू शकत नाही. रुंद लेन्सवर असता तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो.

दोन मीटरच्या आसपास या लेन्सची पूर्ण उघड्या ॲपर्चरवरची क्षेत्रखोली, म्हणजे फोटोत लख्ख दिसणारा पट्टा, एकूण ६ ते ७ सेंटीमीटर असते, म्हणजे निशाण्याच्या पुढे आणि मागे साधारण ३-३. चूक यापेक्षा मोठी असेल तरच ती दोष म्हणून उभी राहते. सेंटीमीटरभर इकडेतिकडे झालं तर ते कुठल्याही लेन्सला होतं, त्यावर वॉरंटी मागू नका.

चाचणी अशी करा. लेन्सवरचा फिल्टर काढा. लेन्सच्या मागचे सोनेरी संपर्क कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा. कॅमेऱ्यात आधी कोणी फोकसची दुरुस्ती भरून ठेवली असेल तर ती शून्यावर आणा. मेनूत ती `AF Microadjustment` किंवा `AF Fine Tune` या नावाने दिसते. दुकानात कोणी 'करून बघितलं' असेल तर तो आकडा अजून तिथेच बसलेला असायचा.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. निशाणा म्हणून जाड काळ्या छपाईचा सपाट कागद पुठ्ठ्यावर चिकटवून कॅमेऱ्यासमोर अगदी सरळ उभा करा. त्याच्या शेजारी एक लांब मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा. पट्टीचा मधला आकडा निशाण्याच्या बरोबर रेषेत यायला हवा, तो तुमचा शून्य. बरेच जण इथेच फसतात आणि फोकस तिरक्या पट्टीवरच लावतात. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा फोकस सेन्सरची खरी जागा मोठी असते. ती पट्टीवरचा पुढचा-मागचा कुठलाही आकडा पकडते आणि मग सगळं मोजमापच खोटं ठरतं. फोकस सपाट निशाण्यावर लावायचा, पट्टी फक्त वाचायची.

अंतर फोकल लेंथच्या २५ पट ठेवा, म्हणजे तुमच्या लेन्सला सुमारे २.१ मीटर. ॲपर्चर पूर्ण उघडं, एफ १.८. ते बंद केलंत तर वाढलेली क्षेत्रखोली दोष झाकेल. शिवाय मोठ्या ॲपर्चरच्या काही लेन्समध्ये ॲपर्चर बंद करताना फोकस आपोआप थोडा मागे सरकतो, तो काचांचा स्वभाव असतो, दोष नव्हे. उजेड दिवसाचा, भरपूर. पिवळ्या दिव्याखाली मोजू नका, उजेडाच्या रंगाने फोकस सेन्सरचं वाचन बदलू शकतं आणि दुकानदाराला तेवढीच पळवाट मिळते. लेन्स किंवा बॉडीत हलणं रोखणारी सोय असेल तर ती बंद करा, शटर सेल्फ टायमरने सोडा, फोकस एकदा लागला की लॉक होणाऱ्या पद्धतीवर आणि फक्त मधल्या बिंदूवर ठेवा.

मग व्ह्यूफाइंडरमधून १० फोटो काढा. प्रत्येक फोटोच्या आधी फोकस हाताने मोडायचा: पाच वेळा रिंग अनंताला नेऊन, पाच वेळा सगळ्यात जवळ आणून. त्यानंतर कशालाही धक्का न लावता लाइव्ह व्ह्यूमध्ये १० फोटो काढा. संगणकावर प्रत्येक फोटो पूर्ण आकारात उघडा आणि पट्टीवरचा कुठला आकडा सगळ्यात तीक्ष्ण दिसतो तो लिहून ठेवा. पट्टी तिरकी असल्याने वाचलेल्या आकड्याला ०.७ ने गुणलं की खरं अंतर मिळतं.

दहाच्या दहा फोटोंत फोकस मागेच आणि जवळपास तेवढाच पडला, तर तो खरा बॅक फोकस. कधी पुढे, कधी मागे, कधी बरोबर असं आलं, तर लेन्सची मोटर किंवा फोकस सेन्सर नीट पकडत नाहीये. ती तक्रारही खरीच आहे, पण दुरुस्ती वेगळी होते, म्हणून पत्रात तसं लिहावं लागेल. दहा फोटो सांगतोय ते एवढ्यासाठीच. एका फोटोवर कोणीही विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

चूक सिद्ध झाली, पण ती लेन्सची की बॉडीची? तुमच्या पत्राचं सगळ्यात कच्चं अंग हेच होतं. वॉरंटी तुम्ही लेन्सची मागताय, आणि बॉडीत दोष असेल तर दुकानदार हात वर करायला मोकळा. म्हणून आणखी दोन जोड्या तपासा. कोणा मित्राकडे याच माउंटची दुसरी डीएसएलआर बॉडी असेल तर तुमची लेन्स तिच्यावर लावून हेच दहा फोटो काढा. आणि मोठ्या ॲपर्चरची दुसरी एखादी लेन्स, ५० मिमी एफ १.८ सहज मिळते, तुमच्या बॉडीवर लावून तपासा. तिचं अंतर १.२५ मीटर ठेवा. एफ ५.६ ची किट लेन्स इथे चालणार नाही, तिच्या क्षेत्रखोलीत ही चूक बुडून जाते. तुमची लेन्स दोन्ही बॉडींवर मागे पडली आणि दुसरी लेन्स तुमच्या बॉडीवर बरोबर आली, तर दोष लेन्सचा. तुमच्या बॉडीवर दोन्ही लेन्स मागे पडल्या तर दोष बॉडीचा, आणि मग लेन्सचं पत्र पाठवलंत तर तुम्हीच चुकीचे ठराल. मित्र कोणी सापडला नाही, तर दुकानातच त्यांच्या बॉडीवर लावून बघायची परवानगी मागा. दुकानदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पट्टी वाचली की पुढचं बोलणं फार सोपं होतं.

राहिलं त्यांचं 'कॅमेऱ्यातच सेटिंग करून घ्या'. हा सल्ला अगदीच वाईट नाही. चूक लहान असेल आणि सगळ्या अंतरांना सारखी असेल, तर त्या सेटिंगने काम भागतं. फोकस मागे पडत असेल तर आकडा उणे बाजूला न्यायचा, बऱ्याच कॅमेऱ्यांत उणे २० पर्यंत जाता येतं. पण ते सेटिंग तुमच्या कॅमेऱ्यात साठवलं जातं, लेन्समध्ये नाही. दुसऱ्या बॉडीवर ही लेन्स तशीच मागे पडेल, उद्या विकलीत तर घेणाऱ्याला सदोषच मिळेल. आणि काही लेन्समध्ये चूक अंतरागणिक बदलते. तिथे एका आकड्याने काहीच साधत नाही.

माझ्या टेबलावर अशी एक ८५ मिमी आली होती. ग्राहकाने पट्टी लावून मोजलं होतं. २.१ मीटरवर फोकस साधारण ८ सेंटीमीटर मागे. त्याने कॅमेऱ्यात उणे १८ भरलं आणि तिथला फोकस बरोबर आला. मग त्याने तीच चाचणी सव्वाचार मीटरवर केली, तर फोकस आता निशाण्याच्या २० सेंटीमीटर पुढे. त्या अंतरावर क्षेत्रखोली दोन्ही बाजूंना साधारण १३-१३ सेंटीमीटर असते, म्हणजे दूरचा चेहरा गेला. जवळचं सुधारलं की लांबचं बिघडायचं. आम्ही लेन्सच्या चिपमधले दुरुस्तीचे आकडे कंपनीच्या सॉफ्टवेअरने नव्याने भरले, तेव्हा दोन्ही अंतरं जमली. हे काम घरी होत नाही. त्या ग्राहकाने दोन अंतरं मोजून आणली म्हणून मला दोष दहा मिनिटांत कळला. तुम्हीही उणे आकडा भरून दोन्ही अंतरं तपासा, टिपून ठेवा आणि नंतर सेटिंग परत शून्यावर आणा.

आता पत्र. खालच्या मसुद्यातले आकडे त्या लेन्सच्या धर्तीवर नमुन्यासाठी घातले आहेत. तिथे तुमचे आकडे लिहा, ते माझ्यापेक्षा वेगळे येणारच. न केलेली चाचणी केली म्हणून लिहू नका. कारागीर पहिल्यांदा तीच करून बघतो.

> मा. व्यवस्थापक यांस,
>
> विषय: ८५ मिमी एफ १.८ लेन्सची वॉरंटीअंतर्गत दुरुस्ती. लेन्सचा अनुक्रमांक ........, बिल क्रमांक ........, खरेदीची तारीख ........
>
> महोदय,
>
> वरील लेन्स मी आपल्या दुकानातून घेतली असून तिची वॉरंटी ........ या तारखेपर्यंत आहे. लेन्सला धक्का लागलेला नाही, पाणी गेलेलं नाही, ती कोणी उघडलेली नाही.
>
> दोष: व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस केल्यास फोकस दर वेळी निशाण्याच्या मागे पडतो. २.१ मीटर अंतरावर, एफ १.८ ला, तो ८ ते ९ सेंमी मागे जातो. लाइव्ह व्ह्यूमध्ये त्याच लेन्सने फोकस बरोबर येतो.
>
> ट्रायपॉडवर, दिवसाच्या उजेडात, कॅमेऱ्यातली फोकस दुरुस्ती शून्यावर ठेवून मी चाचणी केली. व्ह्यूफाइंडरमधून काढलेल्या १० पैकी १० फोटोंत फोकस मागे पडला. लाइव्ह व्ह्यूच्या १० फोटोंत तो निशाण्यापासून १ सेंमीच्या आत राहिला. हीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर लावल्यावर फोकस सुमारे ८ सेंमी मागे पडला. माझ्या बॉडीवर ५० मिमी एफ १.८ लेन्स लावल्यावर फोकस बरोबर आला. यावरून दोष बॉडीत नसून लेन्समध्ये आहे असं दिसतं.
>
> आपल्या सूचनेप्रमाणे कॅमेऱ्यात उणे १८ ही दुरुस्ती करून पाहिली. त्याने २.१ मीटरवरचा फोकस जमला, परंतु ४.२५ मीटरवर तो २० सेंमी पुढे आला. त्यामुळे हा दोष कॅमेऱ्यातल्या सेटिंगने दूर होत नाही.
>
> विनंती: लेन्स अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे पाठवून तिचं ऑटोफोकस वॉरंटीत विनाशुल्क जुळवून द्यावं. वर 'दोष' या शब्दापुढे लिहिलेला मजकूर जॉब कार्डवर तसाच उतरवावा. दुरुस्तीनंतर कोणतं काम केलं आणि कोणत्या अंतरांवर तपासणी केली, ते लेखी मिळावं. दुरुस्तीला लागणारा अंदाजे कालावधी ........ या तारखेपर्यंत कळवावा.
>
> सोबत: बिल व वॉरंटी कार्डाच्या प्रती, चाचणीच्या नोंदी, चार मूळ फोटो फाइल असलेलं मेमरी कार्ड.
>
> आपला,
> ........

यात 'गळ्यात मारला' नाही आणि 'परिणाम' नाहीत, कारण त्यांची गरजच उरलेली नाही. 'विनंती' हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. दुसऱ्यांदा लिहायची वेळ आली तर तिथे 'मागणी' करा. पहिल्याच पत्रात सगळा आवाज वापरलात तर पुढच्या पत्रासाठी काही शिल्लक राहत नाही.

मागणी एकच ठेवा. 'दुरुस्त करा किंवा बदलून द्या किंवा पैसे परत करा' असं लिहिलंत की व्यवस्थापकाला वरिष्ठांना विचारावं लागतं आणि पत्र तिथेच अडकतं. वॉरंटीतली दुरुस्ती तो स्वतःच्या सहीने पुढे पाठवू शकतो. दुरुस्ती होऊनही दोष राहिला, तर बदली मागायला ते पहिलं पत्रच तुमचा आधार होईल.

फोटो फाइल मूळच द्या, संपादन केलेली किंवा मेसेजवरून पाठवलेली नको. मूळ फाइलमध्ये ॲपर्चर, लेन्स आणि वेळ नोंदलेली असते, मेसेजमधून जाताना ती बऱ्याचदा पुसली जाते. चार पुरेत: व्ह्यूफाइंडरचे दोन, लाइव्ह व्ह्यूचे दोन. चेहऱ्यांचे फोटो जोडू नका. माणूस हलतो, श्वास घेतो, आणि तुमचं म्हणणं खोडायला तेवढं पुरतं. चारही फाइलींची एक प्रत घरी ठेवा.

पत्र देताना बिलाच्या दोन गोष्टी तपासून घ्या. बिलावरचा अनुक्रमांक आणि लेन्सवर कोरलेला अनुक्रमांक एकच आहे ना? आणि वॉरंटी निर्मात्याची आहे की दुकानाची? काही लेन्स दुसऱ्या देशासाठी बनलेल्या मालातून आलेल्या असतात आणि निर्मात्याचं स्थानिक सर्व्हिस सेंटर त्या वॉरंटीत घेत नाही. तसं निघालं तर दुरुस्तीचा खर्च विकणाऱ्या दुकानाकडेच मागावा लागतो, आणि पत्रात तेवढं एक वाक्य वाढवावं लागेल.

बॉडी सोबत द्यावी का, असं ते विचारतील. तुमची बॉडी दुसऱ्या लेन्सवर बरोबर ठरली असेल तर देऊ नका. लेन्स प्रमाण बॉडीवर जुळवून द्या असं सांगा. बॉडी दिलीत तर कारागीर कधी कधी लेन्स त्या एका बॉडीला बसेल एवढीच सरकवतो. आणि बॉडीवरच शंका असेल तर दोन्ही द्या, पण 'दोन्ही स्वतंत्रपणे तपासाव्यात' असं लिहून द्या.

लेन्स हातात देण्यापूर्वी समोरची काच, मागची काच आणि माउंटचा फोटो काढून ठेवा. फिल्टर आणि हूड घरी ठेवा. पोचपावतीवर 'काचेवर ओरखडा नाही, माउंटला पोचा नाही' असं काउंटरवरच्या माणसाकडून लिहून घ्या. धक्क्याने झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, आणि पोचा वाटेत पडला की आधीचा होता हा वाद नंतर मिटत नाही. आणि काही झालं तरी स्वतः स्क्रू उघडू नका. इंटरनेटवर माउंटखाली पातळ पत्र्या घालायचे उपाय दिसतील. एक स्क्रू फिरवल्याची खूण दिसली की वॉरंटी गेली.

एवढं करूनही 'तपासणीत दोष आढळला नाही' किंवा 'मर्यादेच्या आत आहे' असं उत्तर येऊ शकतं. तेव्हा भांडू नका, तीन गोष्टी लेखी विचारा: तपासणी कोणत्या अंतरावर केली, ती व्ह्यूफाइंडरमधून केली की लाइव्ह व्ह्यूमध्ये, आणि मर्यादा म्हणजे किती. मी पाहिलंय की बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नात उत्तर सापडतं. घाईत लाइव्ह व्ह्यूत तपासलेलं असतं, आणि तिथे ही लेन्स बरोबर दिसणारच.

लेन्स परत आली की त्याच दिवशी तोच ट्रायपॉड, तोच निशाणा आणि तीच पट्टी लावा, फिल्टर न चढवता दोन्ही अंतरांवर दहा-दहा फोटो काढा, आणि आकडे जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहा. दुरुस्त केलेल्या कामाचीही काही काळ हमी असते, तिची मुदत पावतीवर बघून ठेवा. फोकस अजून मागेच असेल तर त्याच पत्राची प्रत, दोन्ही वेळचे आकडे आणि त्यांची दुरुस्तीची चिठ्ठी असं एकत्र जोडून द्या, आणि 'विनंती' खोडून 'मागणी' लिहा.